वाटणीपत्रातले तोळे, गुंठे आणि आणे : इंग्रजीत नेताना आकडा नेमका कुठे घसरतो?

रानवारा

१९४९ सालचं दोन भावांचं नोंदणीकृत वाटणीपत्र मराठीतून इंग्रजीत करायचं आहे. परदेशातल्या न्यायालयात वारसाच्या कामासाठी प्रमाणित भाषांतर लागणार आहे. तिकडच्या वकिलांची सूचना आहे की 'सगळी मापं मेट्रिकमध्ये द्या'. अडलेल्या ओळी नावं वगळून जशाच्या तशा देते:

स. नं. ६१/२ — २-१५-८
स. नं. ७४ — १-३२-१२
एकूण ४-८-४, पैकी आठ आणे हिस्सा धाकटे यांजकडे
पाटल्या जोड १, वजन ५ तो. ३ मा. ४ गुं.
चांदीचे ताट १, रु. ५० भार
राहते घर पाच खणी

मी पहिली ओळ २.१५ एकर धरली, शेवटचा ८ हा शेतसाऱ्याचा आकार असावा असं समजून सोडला. पाटल्यांना तोळ्याला १० ग्रॅम धरून साधारण ५३ ग्रॅम येतात. पण मग 'गुं.' म्हणजे काय? दागिन्यांत गुंठे कसे आले? आणि चांदीचं ताट पन्नास रुपये किमतीचं, असं लिहिलं तर चालेल ना?

---

सराफकट्टा

ताई, गुं. म्हणजे गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आणि तोळा म्हणजे १० ग्रॅम, त्यात एवढं विचारण्यासारखं काही नाही. आज कुठल्याही पेढीवर जा, भाव १० ग्रॅमचाच सांगतात आणि गिऱ्हाईक त्यालाच तोळा म्हणतं.

---

कागदी घोडा

सराफकट्टा, पहिलं वाक्य बरोबर. दुसरं आजच्या पेढीपुरतं बरोबर आणि १९४९ च्या कागदापुरतं चूक.

रानवाराताई, भाषांतर सध्या बाजूला ठेवा. तुमच्या सहा ओळींत निदान चार वेगळे सापळे आहेत. आधी जमीन घेऊ.

२-१५-८ हा दशांश अपूर्णांक नाही. ते तीन घरांचं माप आहे: २ एकर, १५ गुंठे, ८ आणे. एकराचे ४० गुंठे आणि गुंठ्याचे १६ आणे. हे माझं म्हणणं म्हणून मानू नका, कागदच सांगतोय. बेरीज करून बघा. ८ आणे आणि १२ आणे मिळून २०. त्यातल्या १६ चा एक गुंठा झाला, ४ आणे उरले. १५ आणि ३२ मिळून ४७, वर हातचा एक म्हणजे ४८. त्यातल्या ४० चा एकर झाला, ८ गुंठे उरले. २ आणि १ आणि हातचा १, म्हणजे ४ एकर. ४-८-४. लिहिणाऱ्याने हातचा ४० वर आणि १६ वर घेतलाय, म्हणजे घरं कुठली ते सिद्ध झालं. मधला आकडा शतांश असता तर बेरीज ३.४७ आली असती.

जुन्या दस्तात तपासणीचं हे सगळ्यात खात्रीचं साधन आहे. रकान्याचं डोकं फाटलेलं असू शकतं, पण बेरीज राहिली असेल तर हातचा कशावर घेतलाय ते बघायचं.

आता चूक केवढी होते ते बघा. २ एकर १५ गुंठे म्हणजे ९५ गुंठे. २.१५ एकर म्हणजे ८६ गुंठे. सरळ ९ गुंठे हवेत गेले, आणि आणे सोडले ते वेगळेच.

---

रानवारा

अरे देवा. मग 'आठ आणे हिस्सा' म्हणजे अर्धा गुंठा? धाकट्याला एवढंच?

---

कागदी घोडा

नाही नाही. इथे आणे म्हणजे वाटा. सोळा आणे म्हणजे पूर्ण मालकी, आठ आणे म्हणजे निम्मी. एकाच ओळीत आणे दोन अर्थांनी आलेत: '४-८-४' मधले ४ आणे हे क्षेत्र आहे, एका आण्याला साधारण ६.३२ चौरस मीटर. 'आठ आणे हिस्सा' मधले आणे हे प्रमाण आहे, त्याला मीटर नाही. मागे 'पैकी' आणि पुढे 'हिस्सा' असेल तर ते प्रमाण. त्याचा इंग्रजीत 'सोळापैकी आठ आणे, म्हणजे अर्धा अविभक्त हिस्सा' असा उलगडा करा. अविभक्त हा शब्द मात्र मुळात तसा अर्थ असेल तरच घाला, दस्तात हद्दी पाडून दिल्या असतील तर घालू नका. वाटणीपत्र आहे, पुढे चतु:सीमा दिल्यात का ते वाचा.

आकडे असे येतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर.

६१/२ : ९५.५ गुंठे = ९,६६१.८७ चौ. मी.
७४ : ७२.७५ गुंठे = ७,३६०.२२ चौ. मी.
एकूण : १६८.२५ गुंठे = १७,०२२.०९ चौ. मी.

निम्मा हिस्सा ८४ गुंठे २ आणे, ८,५११.०४ चौ. मी. पण तो आकडा दस्तात लिहिलेला नाही. तो तुम्ही मांडायचा की नाही याबद्दल मी तरी 'नाही' म्हणेन. रूपांतर ही एक गोष्ट, वाटणीचा हिशेब ही दुसरी.

---

आकडेमोड

एक्सेलवाल्यांसाठी: ४-८-४ असं सेलमध्ये टाकलंत तर आपल्याकडच्या सेटिंगमध्ये ते ४ ऑगस्ट २००४ होऊन बसतं. एका कागदात चाळीस गट असतील तर मधले चार तारखा झालेले कळतही नाहीत. एकर, गुंठे, आणे तीन वेगळ्या रकान्यांत घ्या आणि चौथ्यात:

```
=(A2*40+B2+C2/16)*101.17141056
```

गुंठ्याला १०१ धरून केलं तर या कागदात एकुणात जवळजवळ २९ चौ. मी. कमी येतात. शेवटी दोन दशांशांवर आणा, मध्ये मध्ये पूर्णांक करत जाऊ नका. नाहीतर ओळींची बेरीज आणि एकूण जुळत नाही, आणि समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

---

घरबसल्या

चांगला धागा. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, एक गुंठ्याचा प्लॉट माझ्या नावावर खरेदीखताने होईल का? एजंट होईल म्हणतोय.

---

कागदी घोडा

तो तुकडेबंदीचा विषय आहे, वेगळा धागा काढा. आणि एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

---

रानवारा

आजचा सातबाराही सोबत जोडायचा आहे. त्यात ६१/२ चं एकूण क्षेत्र ०.९७.०० आहे, त्यात पोटखराब ०.०२.००. आपलं रूपांतर ९,६६१.८७ येतंय, सातबारा ९,७०० म्हणतो. कुठला आकडा 'बरोबर' करू?

---

कागदी घोडा

कुठलाच नाही. हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन्ही जसे आहेत तसेच जातील. जुनं माप मेट्रिकमध्ये नेताना पूर्ण आरपर्यंत नेलं की एवढा फरक सहज पडतो, मधल्या काळात मोजणीही झाली असू शकते. ३८ चौरस मीटर कुठे गेले हे सांगणं भूमी अभिलेखवाल्यांचं काम, भाषांतरकाराचं नव्हे. जुळवाजुळव करायला गेलात तर तुमचं भाषांतर पुरावा उरत नाही, ते तुमचं मत होतं.

सातबाऱ्यात दोन गोष्टी मात्र सांभाळा. ०.९७.०० म्हणजे शून्य हेक्टर, ९७ आर, ० चौरस मीटर. दुसरा टिंब बघून इंग्रजी वाचणारा गोंधळतो, म्हणून आकडे उलगडून लिहा. आणि आर म्हणजे गुंठा नव्हे. गावात तोंडी सगळे आरला गुंठाच म्हणतात, चाळीस आरला एकर म्हणतात, व्यवहारात चालतंही. पण आर १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१.१७. तुमच्या १६८ गुंठ्यांना आर समजलात तर जवळजवळ १९७ चौ. मी. गायब. म्हणजे गावठाणात एक चांगलं घर बसेल एवढी जागा.

आणखी एक. इंग्रजीत आरचं स्पेलिंग ए-आर-ई, दिसायला हुबेहूब क्रियापद. 'नाइन्टी सेव्हन आर' असं वाक्यात आलं की वाचणारा पुढचा शब्द शोधत बसतो. पहिल्यांदा येईल तिथे 'एक आर = १०० चौ. मी.' असं लिहून टाका.

---

सराफकट्टा

जमिनीचं झालं असेल तर माझ्याकडे वळा. १९४९ ला तोळा जास्त होता हे मान्य, ११.६६. पण आज त्या पाटल्या वजनाला आणल्या तर कोण ११.६६ धरणार? १० नेच भागणार.

---

कागदी घोडा

पाटल्या वजनाला आणल्या तर ग्रॅममध्येच वजन होईल, तोळ्याचा संबंधच नाही. आपण पाटल्या वजन करत नाही, १९४९ साली कुणीतरी काय लिहिलं ते सांगतोय. त्या दिवशीचा तोळा म्हणजे १८० ग्रेन, ११.६६३८ ग्रॅम. इंग्रजी रुपयाचं वजनच तेवढं होतं, म्हणून तर घराघरात रुपया टाकून सोनं जोखता येत होतं. वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, आणि वजनं बदलायला सुरुवात १९५८ पासून, टप्प्याटप्प्यानं. त्याआधीच्या कागदात १० ग्रॅमचा तोळा असणं शक्यच नाही.

ताई, तुमच्या पाटल्या: सगळं गुंजांवर आणा. ५ तोळ्यांच्या ४८०, ३ माशांच्या २४, वर ४. एकूण ५०८ गुंजा. तोळ्याच्या ९६ गुंजा.

५०८ × ११.६६३८०३८ ÷ ९६ = ६१.७२ ग्रॅम

तुमचे ५३ धरले असते तर ८.८ ग्रॅम सोनं भाषांतरातच वितळलं असतं.

दोन दशांश पुरेत. मूळ वजन गुंजेपर्यंतच केलेलं आहे, आणि गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची. ६१.७२१ लिहिलंत तर जी बारकाई मुळात नव्हती तिचा आव आणल्यासारखं होईल.

---

आकडेमोड

तोळे, मासे, गुंजा तीन रकाने:

```
=(A2*96+B2*8+C2)*11.6638038/96
```

'गुं.' चा एक शोध-बदल सगळ्या फाइलवर चालवू नका, एवढी विनंती. जमिनीच्या परिशिष्टात गुं. म्हणजे गुंठे आणि दागिन्यांच्या परिशिष्टात गुंजा. एका कागदात पाटल्यांचं वजन 'चार गुंठे' छापून आलेलं बघितलंय.

---

सराफकट्टा

😄 चार गुंठ्यांच्या पाटल्या घालणारी बाई बघायला हवी.

बरं, ११.६६ मानलं. आता ताटाचं ऐका, तिथे माझंच चालेल. 'रु. ५० भार' म्हणजे किंमत नाही. भार म्हणजे वजन. पन्नास रुपयेभार चांदी म्हणजे पन्नास रुपयांच्या नाण्यांइतकं वजन. आजही चांदीच्या भांड्यांना भारातच बोलतात, फक्त आता भार १० ग्रॅमचा झालाय. कागदी घोडासाहेब म्हणतात तसं तेव्हाचा रुपया ११.६६ चा, म्हणजे ताट ५८३ ग्रॅमचं.

---

कागदी घोडा

अगदी बरोबर, ५८३.१९. आणि हीच चूक सगळ्यात जास्त वेळा होते, कारण 'रु.' दिसलं की हात आपोआप किमतीकडे जातो. भाषांतरात 'पन्नास रुपये किमतीचं ताट' झालं की वजनाची नोंद कायमची पुसली जाते आणि न झालेली किंमत उगवते. ओळखायची खूण 'भार'. तो शब्द झिजलेला असेल तर बाकीच्या चांदीच्या ओळींत किंमत कुठे आहे ते बघा. किमतीचा रकाना वेगळा असेल तर हे वजनच.

---

कोर्टकचेरी

मूळ प्रश्नाकडे येतो. 'सगळी मापं मेट्रिकमध्ये द्या' असं वकील म्हणाले म्हणून मूळ माप काढून टाकायचं नसतं. मूळ माप मजकुरात राहील, शेजारी चौकोनी कंसात रूपांतर, आणि ते भाषांतरकाराचं आहे हे स्पष्ट. गोल कंस वापरू नका, मूळ दस्तातच गोल कंस असतात आणि कुठला कुणाचा ते कळत नाही. असं काहीतरी, इंग्रजीत हाच क्रम ठेवून:

पाटल्या एक जोड, वजन ५ तोळे ३ मासे ४ गुंजा [अनुवादकाची टीप: अंदाजे ६१.७२ ग्रॅम; १ तोळा = ११.६६३८ ग्रॅम = ९६ गुंजा या प्रमाणाने]

कुठलं प्रमाण धरलं हे टिपेत असलंच पाहिजे. नुसता ६१.७२ दिला तर उलटतपासणीत 'हा आला कुठून' याला उत्तर राहत नाही. प्रमाण दिलं की समोरच्याला पटलं नाही तरी तो स्वतः गणित करू शकतो.

---

रानवारा

हे छान आहे. पण दर ओळीला टीप लावली तर पान वाचवणार नाही. परिशिष्टात २७ दागिने आहेत.

---

कोर्टकचेरी

मग ओळीत फक्त ग्रॅम, आणि प्रमाणाची टीप परिशिष्टाच्या पहिल्या ओळीला एकदा. जमिनीला वेगळी एकदा.

---

बिनघोर

माझंही असंच अडलंय म्हणून इथेच विचारतो. राजस्थानातल्या शेतीचं विक्रीपत्र हिंदीतून मराठीत करतोय, क्षेत्र '५-१०' लिहिलंय. बिघा-बिस्वा. नेटवरच्या एका कॅल्क्युलेटरने ५.१० बिघ्याचे चौरस मीटर दिलेत, तेच टाकू ना?

---

आकडेमोड

पुन्हा तोच डॅश! बिघ्याचे २० बिस्वे. ५-१० म्हणजे साडेपाच बिघे, ५.१० नव्हे.

---

कागदी घोडा

आणि कॅल्क्युलेटरने कुठला बिघा धरला? गुंठा एकच आहे, एकराला बांधलेला. बिघ्याचं तसं नाही. राजस्थानातच पक्का बिघा १६५ फूट बाय १६५ फूट आणि कच्चा १३२ बाय १३२. तुमचे साडेपाच बिघे पक्क्याने १३,९११ चौ. मी., कच्च्याने ८,९०३. पाच हजार चौरस मीटरचा फरक, जवळजवळ सव्वा एकर. बंगालचा बिघा आणखी वेगळा, १४,४०० चौरस फूट, एकराचा बरोबर तिसरा हिस्सा नव्हे पण त्याच्या आसपास. सौराष्ट्रात १६ गुंठ्यांचा बिघा बोलतात, तो या कच्च्याएवढाच येतो.

म्हणून बिघ्याला आधी रूपांतर करायचं नाही, आधी तो कुठला ते शोधायचं. त्याच खसऱ्याची आजची जमाबंदी, म्हणजे तिकडचा सातबारा, मागवा, तिथे क्षेत्र हेक्टरमध्ये मिळालं तर ताडून बघा. १.३९ च्या आसपास आलं तर पक्का, ०.८९ च्या आसपास आलं तर कच्चा. दोन्हींत इतकं अंतर आहे की थोडीफार घट-वाढ झाली असली तरी ओळखू येतं. जमाबंदी मिळालीच नाही तर विक्रीपत्रातल्या चतु:सीमेत लांबी-रुंदी दिलीय का बघा. तीही नसेल तर रूपांतर देऊ नका, 'बिघ्याचं माप स्थानपरत्वे बदलतं, दस्तात नमूद नाही' एवढी टीप द्या.

---

बिनघोर

जमाबंदीत १.३८ हेक्टर आहे. म्हणजे पक्का. पण मग १३,९११ लिहू की १३,८००?

---

कागदी घोडा

विक्रीपत्रात: ५ बिघे १० बिस्वे [पक्का बिघा धरून अंदाजे १३,९११ चौ. मी.]. १.३८ हा जमाबंदीचा आकडा, तो जमाबंदीच्या भाषांतरात. एकाला दुसऱ्याच्या घरात नेऊन बसवायचं नाही.

---

मोडीवाला

महाराष्ट्रातल्या जुन्या मोडी कागदांतही बिघा येतो आणि लोक तोच राजस्थानचा किंवा बंगालचा भाव लावून मोकळे होतात, म्हणून लिहितो. आपल्याकडच्या हिशेबात वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. हा गुणाकार पक्का आहे. पक्की नाही ती काठीच. पाच हात पाच मुठी म्हणतात, पण हात कुणाचा? म्हणून पेशवाईच्या कागदात मी बिघे-पांड-काठ्या तशाच ठेवतो, टिपेत फक्त आपसातलं नातं देतो आणि चौरस मीटर देत नाही. ग्राहक नाराज होतो. होऊ दे.

तोळ्याचंही तेच. १८० ग्रेनचा तोळा कंपनी सरकारने १८३३ मध्ये ठरवलेला. त्याआधीच्या कागदातल्या तोळ्याला ११.६६ लावण्याआधी दोनदा विचार करा.

---

रानवारा

घराचं राहिलं. पाच खणी घर म्हणजे किती चौरस फूट धरू?

---

मोडीवाला

काहीच धरू नका. खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा. तुळई जेवढी तेवढा खण. पाच खणी म्हणजे पाच गाळ्यांचं घर, हे वर्णन आहे, माप नाही. इंग्रजीत शब्द तसाच ठेवून अर्थ सांगा.

---

कोर्टकचेरी

एक वाद उकरतो, कारण मला सतत भेटतो. वरचं सगळं १९४९ साठी ठीक. पण २००९ सालचं प्रतिज्ञापत्र आहे, स्त्रीधनाची यादी, 'सोन्याचे दागिने अंदाजे २० तोळे'. इथे सराफकट्टा यांचा तोळा लागणार की कागदी घोडा यांचा? २०० ग्रॅम की २३३.२८?

---

सराफकट्टा

२००. डोळे झाकून. २००९ साली घरातली बाई २० तोळे म्हणते म्हणजे तिच्या डोक्यात वीस वेळा १० ग्रॅमची पावती असते.

---

कागदी घोडा

बहुधा तसंच. पण 'बहुधा' हा शब्द टिपेत लिहिता येत नाही. मी 'तोळा' ठेवतो आणि टिपेत म्हणतो की अलीकडच्या व्यवहारात तोळा १० ग्रॅमचा धरतात, जुना प्रमाण तोळा ११.६६ चा, दस्तात कुठला ते नमूद नाही, अनुक्रमे २०० किंवा २३३.२८ ग्रॅम.

---

कोर्टकचेरी

आणि मी म्हणतो, तुम्ही दोन आकडे देऊन समोरच्या पक्षाला ३३ ग्रॅमचा वाद फुकट दिलात. नुसतं 'तोळा' ठेवा आणि गप्प बसा. अर्थ लावणं न्यायालयाचं काम.

---

कागदी घोडा

गप्प बसण्यालाही अर्थ असतो. तिकडचा वाचणारा इंग्रजी शब्दकोश उघडणार. त्यात तोळा म्हणजे १८० ग्रेन. परदेशात दहा तोळ्यांची सोन्याची लगडसुद्धा ११६.६४ ग्रॅमची ओळखली जाते. म्हणजे तुम्ही काहीच न लिहिता तो २३३ वर पोचला, आणि बाईच्या घरी सापडले २०० चे दागिने. उरलेलं तिने लपवलं असा आरोप व्हायला वेळ लागत नाही.

---

कोर्टकचेरी

हे उदाहरण उलटंही चालवता येतं. असो. मी अशा वेळी ग्राहकाकडून पावत्या मागतो. पावती ग्रॅममध्ये असेल तर ती वेगळं जोडपत्र म्हणून जाते आणि प्रतिज्ञापत्राच्या भाषांतराला हात लागत नाही. पावत्या नसतील तर तुमचा मार्ग की माझा, यावर आपलं एकमत होणार नाही.

---

आकडेमोड

पावत्या असतील तर यादीतल्या नगांची बेरीज करून २० ने भागा. १० च्या जवळ येतं की ११.६६ च्या, ते तिथेच दिसेल. ४-८-४ च्या बेरजेसारखंच.

---

रानवारा

सगळ्यांचे आभार. परिशिष्ट पुन्हा काढतेय. एक शेवटचं अडलं: सत्तावीसपैकी एका ओळीत 'नथ १, वाल ७' आहे. वालाला तोळ्याचा कितवा भाग धरू? एक जण ३२ म्हणाले, दुसरे ४०.

---

सराफकट्टा

तीन गुंजांचा वाल, ९६ ला ३ ने भागा, ३२. आमच्या आजोबांच्या वहीत हेच होतं. ४० चं मी ऐकलेलं नाही.

---

मोडीवाला

वहीत होतं म्हणजे त्या गावच्या पेढीचं होतं. ताई, परिशिष्टाच्या शेवटी सोन्याची एकूण बेरीज आहे का? असेल तर नथ सोडून सव्वीस नग गुंजांवर आणा, एकुणातून वजा करा. २१ गुंजा उरल्या तर वाल तीन गुंजांचा.

---

रानवारा

बेरीज आहे, पण शेवटच्या आकड्यावर नोंदणीचा शिक्का बसलाय. १ किंवा ७ दिसतंय. दुय्यम निबंधकांकडून दुसरी नक्कल मागवलीय. तोपर्यंत त्या ओळीत 'वाल ७' एवढंच ठेवते.